आईही गेल्यावर मैत्रिणीला काय लिहावं

"मैत्रिणीचे वडील आधीच गेले होते, आता आईही गेली. 'पोरकी झालीस' असं लिहावं का? काय लिहू?"

'पोरकी' हा शब्द ती स्वतः म्हणाली तर ठीक, आपण नको. माझी आई गेली तेव्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे मेसेज ढिगानं आले. लक्षात राहिलं ते एकच पत्र, तेरावं उरकून पाहुणे पांगल्यावर आलेलं. लातूरच्या शाळेतल्या मैत्रिणीनं येळवशीची, म्हणजे सगळे शेतात जाऊन जेवतात त्या वेळ अमावस्येची, आठवण लिहिली होती:

"येळवशीला तुमच्या शेतात काकू भज्जी वाढत होत्या. मला ठसका लागला, तर अण्णा कोपीतूनच ओरडले, 'आधी आंबील दे गं तिला!' उत्तर देत बसू नकोस."

त्यात आई आणि आधीच गेलेले अण्णा, माझे वडील, दोघंही होते, म्हणून मी रडले. दुसरं माणूस गेलं की पहिल्याचं दुःखही नव्यानं उकरून निघतं, पण लोक फक्त आत्ताच्याबद्दल लिहितात. शिवाय आपलं लहानपण पाहिलेलं घरात कुणी उरत नाही, म्हणून तुम्ही पाहिलेला एखादा प्रसंगच लिहा, तिला माहीत नसलेला असेल तर फारच छान.

'काही लागलं तर सांग' नको. ती सांगणार नाही. 'वारस नोंदीला तलाठ्याकडे जाशील तेव्हा मी सोबत येते' असं लिहा. भावाशी वाटणीचा विषय मात्र तिनं काढल्याशिवाय काढू नका, माहेर आधीच डळमळलेलं असतं.

आणि यंदाच्या येळवशीला सकाळीच दोन ओळी पाठवा. शेतात कोण जाणार, हा प्रश्न तिला त्याच दिवशी पडेल.