प्रत्येक गझलेत ‘निखारा’: ओळख की सवय?

प्राजक्त: संग्रहाच्या कच्च्या प्रतीत ‘निखारा’ फार वेळा येतो म्हणून मित्राने ऐकवलं. कवितेत शब्द मोजायचे असतात का? ती माझी ओळख आहे. पुनरुक्तीच खुपत असेल तर रदीफही काढून टाकू?

जुना वाचक: रदीफला मध्ये आणू नका. ती ठरवून घेतलेली असते आणि तिच्याआधीचा काफिया दर शेरात बदलतो, म्हणून ती जुनी होत नाही. निखारा ठरवून येत नाही. माझ्या प्रतीतल्या ४२ गझलांत तो ३१ वेळा होता. लाल पेन्सिलीने खुणा केल्या तेव्हा दिसलं, बहुतेक खुणा ओळीच्या सुरुवातीला, त्याही भुजंगप्रयातात. लगागाचा तयार तुकडा, हात आपोआप तिकडे जातो. ‘निखारा मनाचा विझेना जरासा’ ही माझी ओळ. तिथे ‘दुरावा मनाचा सरेना जरासा’ लिहून पाहिलं. शेराची दुसरी ओळ जशीच्या तशी चालली! म्हणजे निखारा नुसता बसून होता.

मीरा: आणि ‘जरासा’? तोही लगागाच. अर्ध्या मराठी गझला ‘जरासा’वर तगून आहेत.

तालमीतला: भरतीचा शब्द म्हणणं सोपं आहे. मी २० वर्षं गातोय. ओळीच्या शेवटी असा मोकळा आकार मिळाला की सूर ठरतो. कागदावर बसून कापाकापी करणाऱ्यांना हे कळायचं नाही.

मीरा: गाण्याची सोय हा शब्दाचा अर्थ नव्हे. ‘विझेना’ म्हटल्यावर ‘जरासा’ काय वेगळं सांगतो?

तालमीतला: ‘अजिबात विझत नाही’ हे सांगतो! आधी मराठी ऐका, मग शिकवा.

मीरा: बरं, इथे तो जोर देतो, मान्य. पण इतर दहा ठिकाणी देत नाही.

सुरंगी: माझ्या कवितेचं ध्रुवपदच संपादकाने ‘पुनरुक्ती’ म्हणून छाटलं होतं. तेव्हापासून मी कुणाला प्रत दाखवत नाही.

जुना वाचक: तो अन्यायच झाला. पण ध्रुवपद वेगळं, हे वेगळं.

प्राजक्त: शोधून पाहिलं. फक्त ९ निघाले. एवढा गहजब कशाला?

जुना वाचक: ‘निखारा’ शोधलंत ना? ‘निखारे’ आणि ‘निखाऱ्या’ सुटले. ‘निखार’ टाकलंत तरी ‘निखाऱ्या’ निसटतो, त्यातला ऱ वेगळा. ‘निखा’ शोधा. मग ठिणगी, धग, राख, विस्तव हाताने शोधा. शब्द बदलला तरी चित्र तेच असतं, ते यंत्राला दिसत नाही.

प्राजक्त: २३. राख-धग धरून ४०च्या वर. राग आला, पण खोटं नाही. १४ ठिकाणी दुसरा शब्द सहज बसला, ते काढतो. एकाला मात्र हात लावणार नाही. आजी रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायची, सकाळी फुंकून जाळ करायची, त्यावरचा शेर आहे. तिथे ‘दुरावा’ घालून पाहिला, दुसरी ओळ कोसळली.

तालमीतला: आणि ‘जरासा’?

प्राजक्त: तो अजून मोजलेला नाही.