मदत हवी आहे: शुक्रवारी रात्रीसाठी कुठली ऑप्शन पोझिशन ठेवू, कुठली कापू?

शिरोलीनाईट, शुक्रवार, दु. १२:४०

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रात्रपाळी. दीड वर्ष निफ्टीचे ऑप्शन विकतोय. दिवसाचं गणित बरं जमतं, रात्रीचं अजिबात जमत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी ३५ ला विकलेला पुट, दोन लॉट, घरी नेला. जीटीटी लावली होती, ट्रिगर ७० आणि लिमिट ७५. सकाळी गॅप डाऊन, पुट थेट १४० ला उघडला. ट्रिगर लागला, पण ७५ ला कोण देणार? ऑर्डर तशीच लटकत राहिली. शेवटी १४८ ला हातानं कापला. १४,६९० रुपये गेले. रात्री अकराला भट्टीजवळ उभा राहून गिफ्ट निफ्टी पडताना मोबाईलवर बघत होतो, हे जास्त लागलं.

आज निफ्टी २५,००० च्या आसपास आहे. खात्यात ६ लाख. उघडं आहे ते असं:

१) मंगळवारच्या एक्स्पायरीचा २४,७०० पुट ४० ला आणि २५,३०० कॉल ३५ ला, दोन्ही विकलेले, दोन-दोन लॉट. हेज नाही.
२) पुढच्या आठवड्याचा २४,८०० पुट विकलाय, २४,६०० पुट घेतलाय, एक लॉट, ४५ क्रेडिट.
३) मंथली २५,५०० कॉल ९० ला घेतलेला, एक लॉट.

तीन वाजेपर्यंत ठरवायचंय. मध्ये शनिवार-रविवार आहे. यातलं काय ठेवायचं?

---

पन्हाळ्याचा_वारा, दु. १२:५८

भावा, साधं आहे. ३:२० ला सगळं कापायचं आणि मिसळ खायला जायचं. रात्रीचा माल न्यायचाच नाही. ४ जून २०२४ आठवतोय ना? रात्रीत लोकांची खाती साफ झाली. आणि न्यायचाच असेल तर जीटीटीचं लिमिट लांब ठेव. ७० चा ट्रिगर, २०० चं लिमिट. मग भरते ऑर्डर.

---

गूळबाजार_६३, दु. १:१०

माझं पण असंच झालंय. वडिलांनी दिलेले शेअर तीन वर्षं पडून आहेत, रोज गॅप डाऊन होतात. ठेवू का विकू?

---

मंगळवारपेठ, दु. १:२५

गूळबाजार, तुमचा प्रश्न वेगळा आहे. नवा धागा काढा, तिथे बोलू. शेअरला मंगळवारी एक्स्पायरी नसते.

वारा, ४ जूनला रात्रीत काही झालं नव्हतं. मोठा गॅप आदल्या दिवशीचा, ३ जूनचा, आणि तो वरचा. २२,५३० वरून निफ्टी जवळपास ८०० अंक वर उघडला. कॉल विकलेले तिथे भाजले. ४ जूनला किरकोळ खाली उघडून दिवसभरात सुमारे सहा टक्के पडला. तेव्हा बाजार चालू होता, बाहेर पडायला दार होतं. खरा रात्रीचा मार बघायचा तर ७ एप्रिल २०२५. शुक्रवारी २२,९०४ ला बंद, सोमवारी २१,७५८ ला उघडला. शुक्रवारी २२,३०० चा पुट 'लांब आहे' म्हणून विकून घरी गेलेला माणूस सकाळी ५४२ अंक आत होता. तेव्हा लॉट ७५ चा होता, म्हणजे एका लॉटला ४०,६५० नुसती आतली किंमत, वर घाबरटपणाचा प्रीमियम वेगळा.

लांब लिमिटचं म्हणणं अर्धं बरोबर. ऑर्डर भरेल, पण सव्वानऊच्या पहिल्या मिनिटात, जेव्हा घेणारा-विकणारा यांच्यात सगळ्यात जास्त अंतर असतं. त्या ७ एप्रिललाच निफ्टी संध्याकाळी २२,१६१ ला बंद झाला. लांब लिमिट असतं तर तुम्ही पहिल्याच मिनिटाच्या भावात गेला असता. स्टॉप ही दिवसाची सोय आहे. रात्री तोटा किती होऊ शकतो हे पोझिशनच्या बांधणीतूनच ठरतं.

आता शिरोली, तुमचं. दर तीनला मी वहीत एकच गोष्ट करते. उद्या २ टक्के आणि ५ टक्के, दोन्ही बाजूंना उघडला तर प्रत्येक पोझिशन किती खाईल?

तुमची क्रमांक एक. २ टक्के खाली म्हणजे २४,५००. पुट २०० आत, तुम्ही ४० घेतलेत, आता लॉट ६५ चा, दोन लॉटचे १३०; १६० गुणिले १३०, २०,८०० गेले. कॉलचे ४,५५० आले. १६,२५० तोटा, तोही कमीत कमी, कारण सकाळी व्होलॅटिलिटी फुगलेली असते. ५ टक्के खाली २३,७५० ला हेच १,१३,७५० होतं. वरच्या बाजूलाही तेवढंच. आणि मंगळवारपर्यंत सगळं सुरळीत झालं तर तुम्हाला जास्तीत जास्त मिळणार ९,७५०. सहा लाखांतले १९ टक्के पणाला लावून ९,७५०.

क्रमांक दोनचा वाईटात वाईट तोटा १५५ गुणिले ६५, म्हणजे १०,०७५. निफ्टी कुठेही उघडो. तीनचा ५,८५०. हे दोन्ही झोपू देतात.

---

शिरोलीनाईट, दु. १:५०

ताई, मग एक नंबर कापूनच टाकू? एक्स्पायरीला दोनच दिवस आहेत, थीटा आता पळतोय. हाच तर खायचा असतो.

---

मंगळवारपेठ, दु. २:०५

थीटा पळतोय तसा गॅमाही पळतोय. एक्स्पायरी जवळची पोझिशन स्वस्त दिसते, पण ३०० अंकांच्या गॅपला तीच सगळ्यात जास्त उसळते. पुढच्या आठवड्याची तेवढी उसळत नाही. म्हणून घरी न्यायचीच तर मला लांबची बरी वाटते.

कापायची नसेल तर पंख लावा. २४,५०० चा पुट आत्ता १८ ला आहे, २५,५०० चा कॉल १४ ला. दोन्ही दोन-दोन लॉट घेतले तर ४,१६० खर्च. कमाईची हद्द ९,७५० वरून ५,५९० वर येईल, पण वाईटात वाईट तोटा २०,४१० वर थांबेल. घेताना आधी पंख घ्या. सोडताना आधी विकलेला पाय कापा, उलट केलंत तर मधल्या वेळात तुम्ही नागडे.

---

रंकाळ्यावरचा, दु. २:२०

पंख घेताना प्रॉडक्ट बघून घे रे! मी विकलेला NRML मध्ये ठेवला आणि हेज चुकून MIS मध्ये घेतला. सव्वातीननंतर ब्रोकरच्या सिस्टीमनं MIS वाला आपोआप कापला. मी रंकाळ्यावर भेळ खात होतो. मार्जिन कमी पडल्याचा मेसेज आला तेव्हा कळलं, हेज गेलाय आणि विकलेला तसाच उघडा. तेव्हापासून पोझिशनच्या पानावर NRML असं वाचल्याशिवाय उठत नाही.

---

पन्हाळ्याचा_वारा, दु. २:३२

ताई, ४ जूनचं मान्य. पण ५ टक्के धरून बसलात तर आयुष्यात कुणी काही विकणार नाही. असे दिवस किती येतात? माझ्या मते २ टक्के पुरे.

---

मंगळवारपेठ, दु. २:४१

२ टक्क्यांवर लॉट किती ते ठरवावं, ५ टक्क्यांवर खातं जगेल का ते बघावं, असं मी करते. माझे मिस्टर ३ टक्केच धरतात, त्यावरून आमच्यात अजून वाद आहे. दिवस कमी येतात हे खरं, म्हणूनच रात्रीचा प्रीमियम मिळतो. तो गॅप सोसण्याचाच पगार आहे. सगळं रोज ३:२० ला कापणाऱ्याला तो मिळत नाही, त्याने दिवसाच्याच कमाईवर भागवावं.

---

शिरोलीनाईट, दु. ३:२४

झालं. पुट दोन्ही लॉट ४३ ला कापला, ३९० रुपये तोटा. कॉलचा एक लॉट कापला, एक ठेवला, त्याला २५,५०० चा पंख लावला. NRML दोनदा वाचलं. दोन आणि तीन तसेच.

---

रंकाळ्यावरचा, दु. ३:२७

कॉलचा तो एक लॉट कशाला ठेवलास पण?