मकरंदच्या पत्राबद्दल, शनिवारच्या बैठकीआधी

वसुधाताई: मकरंद, तुझे पत्र काल रात्री दोनदा वाचले. शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ तू आम्हा अकरा जणांना आपुलकीने बोलावले आहेस, त्याबद्दल आभार. परंतु "एकत्र बसून काय उभे करता येईल ते पाहू या" एवढ्यावर पत्र संपते आणि आलेल्या माणसाचे पुढे काय, हे त्यात कुठेच नाही. कोणी सुचवलेली गोष्ट तुझ्या दुरुस्तीच्या कार्यशाळेत वापरली गेली, तर सुचवणाऱ्याचा त्यात वाटा असेल का?

अरुणदादा: ताई, मित्रांनी मित्रांना बोलावले आहे. आधी भेटू, मोकळेपणाने बोलू. वाट्याचा विषय आताच काढला तर कोणी तोंडच उघडणार नाही.

वसुधाताई: वाटा ठाऊक नसला तरीही तोंड उघडत नाही, दादा. म्हणून पुन्हा विचारते, सुचवणाऱ्याचे पुढे काय?

शिरीष: अशा बैठका मी कामानिमित्त बऱ्याच चालवल्या आहेत, म्हणून थोडे लिहितो. ताईंचा प्रश्न रास्त आहे, पण पत्रात त्याच्याही आधीची एक उणीव आहे. "काय उभे करता येईल" हा प्रश्न इतका सैल आहे की त्यावर प्रत्येकजण आपल्या मनातला वेगळाच व्यवसाय मांडेल आणि नऊ वाजता अकरा सुटी भाषणे हाती उरतील. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर एका कागदाच्या चौकटीत मावेल. मकरंद, तुला रोजच्या कामात सर्वांत जास्त कुठे अडते, ते सांगशील का?

मकरंद: सांगतो. माणूस बिघडलेली वस्तू घेऊन येतो, मी ती ठेवून घेतो आणि चार-पाच दिवसांनी कळते की सुटा भाग मिळत नाही किंवा खर्च नव्या वस्तूइतका होतो. तो माणूस निराश होऊन जातो आणि माझे तपासणीचे श्रम फुकट जातात. हे एकट्याच्याने सुटणारे नाही, म्हणूनच सर्वांना बोलावले. पत्रात हे लिहायला हवे होते.

शिरीष: मग हाच प्रश्न लिही: "वस्तू दुरुस्त होईल की नाही आणि किती खर्चात, हे आणणाऱ्याला पहिल्याच दिवशी कसे सांगता येईल?" आता बैठकीच्या पद्धतीबद्दल. मागच्या वेळी आपण गोल बसलो आणि पहिली चाळीस मिनिटे एकाच आवाजात गेली.

अरुणदादा: हे माझ्यासाठी आहे, हे सर्वांना समजले आहे. मी बोललो, कारण बाकी सगळे गप्प होते. नाव न घेता बोलण्यापेक्षा सरळ सांगितले असते तर बरे वाटले असते.

शिरीष: दादा, दुखावले असेल तर क्षमस्व. दोष तुमचा नाही, मांडणीचा होता. एकजण बोलत असताना बाकीचे आपली कल्पना डोक्यात धरून बसतात आणि तोवर ती विसरतात, किंवा आता ती गैरलागू आहे असे समजून सोडून देतात. १९५८ साली येल विद्यापीठात हे तपासले गेले: चौघांना एकत्र बसवून निघालेल्या कल्पनांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या याद्या, पुनरुक्ती वगळून, एकत्र केल्यावर जास्त कल्पना मिळाल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोघांनी प्रयोगांतून दाखवले की पाळीची वाट पाहणे हे त्यामागचे मोठे कारण आहे. म्हणून आधी लिहायचे आणि बोलायचे नंतर.

सुनीता: लिहायचे म्हणजे नेमके कसे? मला चारचौघांत बोलायला संकोच वाटतो, म्हणून विचारते.

शिरीष: मकरंद धरून आपण बारा जण आहोत, म्हणजे सहा-सहांचे दोन गट. प्रत्येकाला एक कोरा कागद. पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजारच्याकडे द्यायचा. त्याने वरचे वाचून आणखी तीन लिहायच्या. वरच्या कल्पनेला पुढे नेले तरी चालेल. सहा फेऱ्या, तीस मिनिटे, प्रत्येक गटात १०८ जागा. त्यातल्या अनेक एकसारख्या निघतात, काही रिकाम्या राहतात, पण सुनीताच्या आणि दादांच्या वाट्याला सारख्याच अठरा जागा येतात. तिसऱ्या फेरीनंतर कागदांवर नुसते एकेका शब्दाचे मोघम उत्तर दिसू लागले, तर प्रश्न अजून सैल आहे असे समजून तिथेच थांबायचे आणि तो घट्ट करायचा. मकरंदने मात्र सुरुवातीला स्वतःचा तोडगा सांगू नये, कारण बोलावणाऱ्याने दिशा दाखवली की सगळे त्याच वाटेने लिहितात.

अरुणदादा: अठरा जागा मला पुरणार नाहीत, पण पद्धत न्याय्य आहे, हे मान्य करतो.

वसुधाताई: पद्धत समजली, छान आहे. माझा प्रश्न मात्र तिसऱ्यांदा तसाच आहे. त्या १०८ जागांतली एखादी कल्पना वापरली गेली, तर लिहिणाऱ्याचे काय?

प्रकाशकाका: मीही तेच विचारणार होतो. मी सर्किट तपासण्याचे एक छोटे उपकरण बनवले आहे, ते शनिवारी सर्वांना उघडून दाखवावे असा विचार होता.

मीरा: काका, कृपया उघडून दाखवू नका. पेटंटचा विचार मनात असेल तर अर्ज करण्यापूर्वी, गुप्ततेचे बंधन नसलेल्या लोकांसमोर उपकरणाची रचना उघड केली की अनेक देशांत ती नवी मानली जात नाही. काही देशांत सवलतीची मुदत असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. ते काय मोजते एवढे सांगा, कसे मोजते ते सांगू नका. माझीही एक अडचण आहे. माझ्या नोकरीच्या करारात कामाच्या क्षेत्रात लावलेल्या शोधांवर कंपनीचा हक्क लिहिलेला आहे. म्हणून मी ग्राहकाशी कसे बोलावे याबद्दल लिहीन, यंत्रांबद्दल नाही. ज्यांची नोकरी आहे त्यांनी आपापला करार आधी वाचावा.

वसुधाताई: आणि साधी कल्पना? उपकरण नव्हे, नुसती सूचना?

मीरा: ताई, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, तो तिच्या मांडणीवर मिळतो. त्यामुळे कायदा इथे फारसा उपयोगी पडणार नाही. मकरंदने पत्रात जे लिहून दिले, तेवढेच आपल्यात धरायचे.

मकरंद: पटले. पत्रात हे परिच्छेद घालतो, चुकले असेल तर सांगा:

"शनिवारी फक्त वरील एका प्रश्नावर काम होईल. येणे म्हणजे व्यवसायात सामील होणे नव्हे आणि न येणे म्हणजे नकारही नव्हे. लिहिलेली सूचना कोणीही, मीही, वापरू शकेल; जी कोणाला स्वतःकडे ठेवायची आहे, ती कृपया कागदावर लिहू नये. वाट्याची चर्चा त्या संध्याकाळी होणार नाही, कारण कोण किती वेळ देणार आणि कोणते काम अंगावर घेणार, हे तोवर कोणालाच ठाऊक नसेल. ज्यांना पुढे काम करायचे आहे, ते दोन आठवड्यांत मला कळवतील आणि वाटे त्यांच्यासोबत बसून, लेखी ठरतील. सर्व कागदांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सर्वांना मिळतील."

वसुधाताई: उत्तर मला हवे होते तसे नाही, पण स्पष्ट आहे. सूचना कोणीही वापरू शकेल, हे वाचून मी दोन गोष्टी घरीच ठेवेन आणि बाकीच्या घेऊन येईन.

अरुणदादा: ताई, त्या दोन गोष्टी कोणत्या, हे विचारत नाही.

शिरीष: पत्रात एक वाक्य वाढव, मकरंद. लिहून झाल्यावर प्रत्येकाने न बोलता, स्वतःच्या नसलेल्या तीन कल्पनांवर खूण करावी आणि ज्यांना सर्वाधिक खुणा मिळतील, त्या दोन-तीन कल्पनांवरच उरलेला वेळ बोलावे.

मकरंद: वाढवले. नवे पत्र आज रात्रीपर्यंत पाठवतो. कागद, पेने आणि घड्याळ मी आणतो.