पोहायची टोपी डोक्याच्या घेरावरून घ्यायची की अंबाड्यावरून?

लातूरची आई: मुलगी बारा वर्षांची, डोक्याचा घेर ५३ सेंमी, केस कमरेपर्यंत. सिलिकॉनची टोपी दोन फेऱ्यांत वर सरकते. अंबाड्यावरून टेप फिरवला तर ५९ भरले, म्हणून मोठी घेतली, तर कपाळाकडून पाणी शिरतं. गॉगलही मोठा घ्यायचा का? पोहायला शिकवणारे सर म्हणाले, केस कापा.

नांदेडकर पोहणारी: "केस कापा" वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहिते. ताई, टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या फुगीर भागावरून फिरवायचा. तो घेर टोपीच्या काठासाठी. अंबाड्याला लागते ती खोली. तुम्ही मोठी टोपी घेऊन काठच सैल केलात. लांब केसांची टोपी मागे फुगीर असते, काठ तेवढाच घट्ट. अंबाडा माथ्यावर नको, मानेच्या वर पसरट बांधा. उंच अंबाडा टोपीला वर ढकलतो.

परभणीचे काका: आम्ही विहिरीत उड्या मारल्या, टोपी कुणी बघितली होती? लायक्राची घ्या, केस ओढत नाही.

नांदेडकर पोहणारी: काका, केस ओढत नाही हे खरं. पण लायक्रातून पाणी आरपार जातं, केस पूर्ण भिजतात. शिकताना चालेल.

बीडची वहिनी: केस तर सिलिकॉनमध्येही भिजतात, माझे भिजतात! आणि तेलाचं कुणी बोलतच नाही. आमच्याकडे पोरींना रोज तेल लावतात. टोपी तेलामुळेच सरकते.

परभणीचे काका: तेलाला नावं ठेवू नका! आईनं लावलेल्या तेलावर आमचे केस टिकले. क्लोरीनमध्ये तेच वाचवतं.

बीडची वहिनी: वाचवत असेल, पण तलावाच्या पाण्यावर तवंग येतो तो कोण काढणार? उन्हाळ्यात पाणी बदलायला मिळतं का आपल्याकडे?

परभणीचे काका: म्हणजे दुष्काळही तेलानंच पडला म्हणा!

नांदेडकर पोहणारी: दोघं थांबा. माझी पहिली टोपी लॅटेक्सची होती. तेलकट केसांवर वर्षभरात चिकट होऊन फाटली. सिलिकॉन तेलानं तसं कुजत नाही, पण घसरतं नक्की. पोहायच्या आदल्या रात्री तेल नको. सकाळी केस साध्या पाण्यानं ओले करून टोपी घाला. ओला केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतो.

परभणीचे काका: आदल्या रात्रीचं एक मान्य. रविवारचं सोडणार नाही.

लातूरची आई: आणि गॉगल?

नांदेडकर पोहणारी: त्याचा डोक्याच्या घेराशी संबंध फक्त पट्ट्यापुरता. पट्टा न लावता कप डोळ्यांवर हलके दाबून सोडा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर बसला. लगेच पडला तर डोळ्याच्या खोबणीला किंवा नाकाच्या दांड्याला जुळत नाही. पट्टा आवळून गळती थांबत नाही, फक्त वळ उठतात.

बीडची वहिनी: पट्टा टोपीच्या आत घालायचा, माझी मुलगी तसंच करते.

नांदेडकर पोहणारी: शर्यतीत कुणी तसं करतात, उडी मारताना निघू नये म्हणून. पण अंबाडा असेल तर वरून घाला, नाहीतर टोपी काढल्याशिवाय पट्टा हलवता येत नाही.

लातूरची आई: मागे फुगीर टोपी इथल्या दुकानात नाही. मागवते. केस कापणार नाही, हे सरांना उद्या सांगते.