शब्दचर्चा: सीटीच्या कोअरमधला ‘रेमनंट फ्लक्स’

भाषांतरवाली: प्रोटेक्शनच्या एका मॅन्युअलचं मराठी करतेय. ‘रेमनंट फ्लक्स’ला ‘शेष फ्लक्स’ लिहिलं. पुढे वाक्य येतं की जलद ऑटो-रिक्लोज असलेल्या लाइनवर फटीच्या कोअरची सीटी घ्यावी, कारण तिच्यात रेमनंट फ्लक्स कमी असतो. पण करंट तुटल्यावर उरतं ते सगळंच शेष ना? मग फट नेमकं काय कमी करते?

वायरिंगवाला: ‘रेसिड्यूअल’ म्हणा सरळ. तिन्ही फेजची बेरीज, अर्थ फॉल्टची. त्यात फटीचा काय संबंध?

रिलेमास्तर: अहो, ते रेसिड्यूअल करंट. ताई कोअरमधल्या फ्लक्सचं विचारतायत. म्हणूनच ‘अवशिष्ट’ हा शब्द मी टाळतो, साइटवर हाच घोळ होतो.

ताई, तुमची शंका बरोबर आहे. आयईसी ६१८६९-२ मध्ये रेमनंट फ्लक्स म्हणजे कोअर सॅच्युरेट करून करंट तोडल्यावर ३ मिनिटांनी जो उरतो तो. बंद कोअरमध्ये तो सॅच्युरेशनच्या ७०-८० टक्क्यांपर्यंतही असू शकतो आणि दिवसेंदिवस तसाच बसून राहतो. रोजच्या लोडचा फ्लक्स इतका लहान की त्याने तो पुसला जात नाही. टीपीवाय वर्गाच्या फटीच्या कोअरला मर्यादा १० टक्के. ब्रेकर मात्र ३ मिनिटं थांबत नाही, अर्ध्या-एका सेकंदात परत लागतो. त्या क्षणी कोअरमध्ये जे असतं ते या व्याख्येतलं रेमनंट नव्हे, अजून उतरणीला लागलेला फ्लक्स असतो.

नवा ट्रेनी: म्हणजे फट असली की ब्रेकर उघडताच फ्लक्स शून्य, आणि ब्रेकर उघडून परत लागेपर्यंतचा डेड टाइम कितीही कमी ठेवला तरी चालतं. आम्हाला असंच सांगितलं होतं.

रिलेमास्तर: निम्मं बरोबर. फटीमुळे कोअरचा इंडक्टन्स घटतो, म्हणून साठलेला फ्लक्स सेकंडरीच्या रेझिस्टन्समधून लवकर ओसरतो. लवकर म्हणजे लगेच नव्हे. आकडे घालून बघा. सॅच्युरेशन १०० धरा. पहिल्या फॉल्टने, एसी आणि डीसी ऑफसेट मिळून, फ्लक्स ८० वर नेला. फॉल्ट कायमचा असेल तर रिक्लोज झाल्यावर परत ८० ची गरज, आणि वाईटात वाईट धरायचं तर त्याच दिशेने.

बंद कोअरमध्ये समजा ६० अडकून राहिला. लागणार १४०, जागा १००. दुसऱ्या फॉल्टला सीटी काही मिलिसेकंदांतच सॅच्युरेट होते, सेकंडरीचा करंट मोडका येतो आणि डिस्टन्स रिलेला फॉल्ट आहे त्याहून लांब वाटतो.

आता फटीची कोअर, सेकंडरी टाइम कॉन्स्टंट अर्धा सेकंद. डेड टाइम १ सेकंद असेल तर ८० चे साधारण ११ उरतात. ११ आणि ८० मिळून ९१, निभावलं. पण डेड टाइम ०.३ सेकंद केला तर ४४ उरतात, बेरीज १२४. फट असूनही सॅच्युरेशन! म्हणून अशा सीटीच्या ऑर्डरमध्ये नुसतं ‘टीपीवाय’ लिहून भागत नाही. पहिला फॉल्ट किती वेळ, डेड टाइम किती, दुसरा किती वेळ, हे चक्र द्यावं लागतं.

टेस्टिंगवाला: आमच्याकडे रिक्लोज नाहीच, तरी हाच त्रास झाला. बॅटरीने पोलॅरिटी तपासली, सीटी बंद कोअरच्या. नंतर बाहेरच्या एका फॉल्टला डिफरन्शियल फुकट ट्रिप झाला. रेकॉर्डमध्ये एकाच फेजचा करंट अर्ध्या सायकलला कापलेला. हेही रेमनंटच का?

रिलेमास्तर: संशय रास्त आहे. बॅटरी डीसीच देते, कोअर एका बाजूला ढकलून सोडते. पोलॅरिटी तपासली की सेकंडरीला एसी व्होल्टेज नी-पॉइंटपर्यंत चढवायचं आणि सावकाश शून्यावर आणायचं. मध्येच स्विच बंद केला तर पुन्हा फ्लक्स अडकतो. पण कारण तेच, हे नुसत्या ट्रिपवरून कुणी छातीठोक सांगू नये. बर्डनही बघा.

नवा ट्रेनी: मग सगळीकडे फटीच्याच कोअर का नाही घेत?

रिलेमास्तर: फटीमुळे मॅग्नेटायझिंग करंट वाढतो. टीपीवायला रेटेड करंटवर १ टक्का चूक मान्य आहे, बंद कोअरच्या टीपीएक्सला अर्धा. शिवाय ओसरणारा फ्लक्स सेकंडरीतून करंट वाहवत राहतो. ब्रेकर उघडलेला असतो, पण ब्रेकर फेल्युअरच्या रिलेला वाटतं करंट अजून चालू आहे आणि तो उशिरा रिसेट होतो. ते संरक्षण मी वेगळ्या, बंद कोअरवर ठेवतो.

भाषांतरवाली: म्हणजे ३ मिनिटांनंतरच्याला ‘शेष फ्लक्स’ आणि डेड टाइममधल्याला ‘ओसरता फ्लक्स’ लिहिते.

टेस्टिंगवाला: ‘ओसरता’ आवडला. पण फिटर मंडळी रेमनंटच म्हणणार, तोही शब्द ठेवा.

वायरिंगवाला: बंद कोअरच मोठी घेतली तर? हल्लीच्या रिलेंना सॅच्युरेशनआधीचे काही मिलिसेकंद पुरतात म्हणे.

रिलेमास्तर: काहींना पुरतात. पण लाइनच्या दोन टोकांना दोन प्रकारच्या सीटी असल्या की डिफरन्शियलला काय दिसेल, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.