'शिकाऊ' म्हणून चौदाव्या वर्षी कामावर ठेवावं का, आणि वय कोणत्या कागदावरून धरावं?

रबाळे, ग्रिल-गेटवाले (जून 2025)
एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, सगळे मिळून सहा जण. आठवी झालेल्या एका मुलाला शिकायला ठेवा म्हणून त्याचे वडील मागे लागलेत. आधारवर जन्मतारीख 01/01/2011, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 12/09/2011. आधार धरला तर चौदा पूर्ण. आधार चालतो ना? आणि 'शिकाऊ' म्हणून ठेवला तर बालकामगार कायदा लागतो का? मतं सांगा.

वागळे इस्टेट, टर्नर
आधार चालतो. बालकामगार कायद्याच्या केंद्रीय नियमांत 2017 साली बदल झाला. त्यात वयासाठी पहिला कागद आधारच आहे, शाळेचा दाखला त्याच्या नंतर आणि जन्मदाखला त्याच्याही नंतर. नियमातच असं लिहिलेलं असताना आपण कशाला शंका काढायची? चौदा पूर्ण म्हणजे काम करायला मोकळा. माझं मत सरळ आहे. आठवीनंतर शाळा सुटलेला पोरगा नाक्यावर बसण्यापेक्षा हातात कला येऊ दे. वेल्डिंग शिकलेला माणूस उपाशी राहत नाही.

कामगार कायदा सल्लागार, नौपाडा
टर्नरदादा, क्रम तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो नियम मालकासाठी लिहिलेला नाही. निरीक्षकाला वयाबद्दल शंका आली की तो वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला मागतो. तो दाखला देताना त्या अधिकाऱ्याने कागद कोणत्या क्रमाने बघायचे, एवढंच त्यात सांगितलं आहे. शाळेच्या दाखल्यावर वेगळी तारीख दिसत असताना मालकाने ती सोडून द्यावी, असं तो नियम म्हणत नाही.

आधारवरच्या तारखेचं वजनही आता कमी झालं आहे. आधार ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असं आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच 2023 च्या परिपत्रकात म्हटलं. जानेवारी 2024 मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढला. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात आधार बाजूला ठेवून शाळेचा दाखला धरला. 2015 च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवायचे कागद दिलेत, त्यात आधारचं नावच नाही. आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, मग पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

आता या मुलाच्या आधारवरची 01/01 बघा. नोंदणीच्या वेळी कागद नसला आणि नुसतं अंदाजे वर्ष सांगितलं की अशी तारीख पडते. खरोखर 1 जानेवारीला जन्मलेली मुलंही असतात, म्हणून ही तारीख खोटीच असं मी म्हणणार नाही. पण दुसरा कागद बघायलाच हवा, एवढं ती नक्की सांगते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कार्डाशी छेडछाड झाली आहे का ते कळतं. आत भरलेली तारीख खरी आहे का, ते त्यातून कळत नाही. पुष्कळ मालक इथेच फसतात.

दाखल्याप्रमाणे मुलगा आज तेरा वर्षं नऊ महिन्यांचा आहे. दोन कागदांत फरक असेल तर कमी वय सांगणारा कागद धरावा, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो. तुम्ही तीन महिने थांबलात तर तुमचं काहीच जात नाही. न थांबता ठेवलात आणि दाखला खरा निघाला तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दर मुलामागे 20,000 रुपये मालकाला वेगळे भरावे लागतात.

कळवा, शाळेतली शिक्षिका
दाखलाही डोळे झाकून धरू नका. मुलाला पहिलीत घालताना जन्माचा कागद नसला की 1 जून लिहायची आपल्याकडे जुनी रीत होती. आता ती कमी झाली आहे, तरी 1 जून दिसला की मी जपूनच वाचते. इथे 12 सप्टेंबर आहे, म्हणजे ही तारीख कोणीतरी कागद बघून किंवा आठवून सांगितलेली असावी.

दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो, आणि तारीख आकड्यांत व अक्षरांत अशी दोनदा असते. आकडा खोडून दुरुस्त करता येतो, अक्षरं सहसा तशीच राहतात. दोन्ही जुळतात का ते आधी बघा. मग पहिलीच्या प्रवेशाचं वर्ष बघा. हा मुलगा 2025 ला आठवी झाला, म्हणजे एकदाही नापास नसेल तर जून 2017 ला पहिलीत आला. सप्टेंबर 2011 धरला तर तेव्हा पावणेसहा वर्षांचा, जानेवारी 2011 धरला तर साडेसहाच्या आतला. दोन्ही वयांत मुलं पहिलीत येतात, म्हणजे इथे इयत्तेच्या हिशोबाने निकाल लागत नाही. दोन-तीन वर्षांचा फरक असता तर लगेच पकडला गेला असता. अशा वेळी पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागवायचा आणि गावच्या ग्रामपंचायतीतून जन्मदाखला आणायला सांगायचं. जन्मदाखल्यावर जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख दोन्ही असतात. नोंदणी जन्मानंतर काही दिवसांत झालेली असेल तर तो कागद सगळ्यांत भक्कम. नोंदणी गेल्या महिन्यातली असेल तर तो कागदही दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरच उभा आहे.

आणि माझं मत टर्नरदादांच्या उलट आहे. मर्यादा दहावीपर्यंत, म्हणजे सोळा हवी. आठवीला सुटलेलं मूल शाळेत परत आलेलं मी फार क्वचित पाहिलं आहे.

घणसोली, जनरल स्टोअर्स
आता फक्त जन्मदाखलाच चालतो ना? 2023 ला कायदा आला आहे. आणि माझा तेरा वर्षांचा भाचा सुट्टीत आमच्या दुकानात बसतो, त्याचाही जन्मदाखला ठेवावा लागेल का?

कामगार कायदा सल्लागार, नौपाडा
जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातला तो बदल 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांसाठी आहे. आज कामाला येणाऱ्या कुठल्याच मुलाला तो लागू नाही.

भाच्याचं वेगळं आहे. मामा-मावशी, काका-आत्या हे कायद्यातल्या कुटुंबात येतात, म्हणून धोक्याचं काम नसलेल्या घरच्या दुकानात शाळेनंतर किंवा सुट्टीत तो मदत करू शकतो. मात्र केंद्रीय नियमांप्रमाणे दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत अजिबात नाही. सकाळपासून रात्री शटर पाडेपर्यंत तो गल्ल्यावर असेल, तर नात्याने तो भाचा असला तरी कायद्याने कामगार ठरतो. रबाळ्याच्या मुलाचं मालकाशी असं नातंच नाही, त्यामुळे ही सूट त्यांना नाही.

वागळे इस्टेट, टर्नर
बरं, सप्टेंबरपर्यंत थांबू. 12 तारखेला चौदा पूर्ण झाले की मग झालं? 'शिकाऊ' लिहून पाच हजार द्यायचे. अॅप्रेंटिस कायद्यातही चौदाच वय आहे.

कामगार कायदा सल्लागार, नौपाडा
चौदा आहे, पण धोक्याच्या उद्योगांशी संबंधित ट्रेडसाठी अठरा. आणि वहीत 'शिकाऊ' लिहिल्याने कोणी अॅप्रेंटिस होत नाही. apprenticeshipindia.gov.in वर आस्थापना नोंदवावी लागते, करार करावा लागतो, मूल अठराच्या आतलं असल्याने पालकाची सही लागते, आणि तो करार नोंदला जावा लागतो. पाचवी ते नववी झालेल्यांना किमान 5,000 रुपये विद्यावेतन हा आकडा तुम्ही बरोबर सांगितलात. चारपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला अॅप्रेंटिस घेताच येत नाही. तुम्ही सहा जण, म्हणजे घेऊ शकता. नोंदलेला करार नसेल तर तो मुलगा साधा किशोर, म्हणजे चौदा ते अठरा वयाचा कामगार धरला जातो.

मग त्याचे तास बघा. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान तासभर सुट्टी, आणि सुट्टी धरून सगळं मिळून सहा तास. नऊला आला तर बारापर्यंत काम, एकपर्यंत जेवण, तीनला घरी. प्रत्यक्ष काम पाच तास. ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक दिवस सुट्टी. त्याचं नाव, जन्मतारीख, तास आणि काम यांचं रजिस्टर ठेवायचं आणि तीस दिवसांत निरीक्षकाला लेखी कळवायचं. पगार वडिलांच्या किंवा गावच्या माणसाच्या हातात न देता मुलाच्या खात्यात टाका, कारण मुलाची कमाई अडवून ठेवणं बाल न्याय कायद्यात वेगळा गुन्हा आहे.

पण रबाळेकरांची खरी अडचण वयाच्या कागदात नाहीच. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत 'धातूंचं ग्राइंडिंग' आहे. अठराच्या आतल्या मुलाला त्यावर लावताच येत नाही. गेटचा जोड वेल्ड केला की ग्राइंडर मारावाच लागतो, त्याशिवाय फॅब्रिकेशन होत नाही. म्हणजे माझ्या वाचनाप्रमाणे हा मुलगा तुमच्याकडे 12 सप्टेंबर 2025 ला नाही, 12 सप्टेंबर 2029 ला येऊ शकतो.

रबाळे, ग्रिल-गेटवाले
ग्राइंडरला हात लावू देणार नाही. मापं घेणं, मार्किंग, प्रायमर मारणं, सामान देणं एवढंच. तरी नाही?

कामगार कायदा सल्लागार, नौपाडा
इथे दोन मतं आहेत, आणि मी माझं सांगतो. किशोरांच्या कामाचे तास ठरवणारा कायद्याचा भाग अशाच आस्थापनांना लागू आहे, जिथे ती धोक्याची कामं मुळात चालत नाहीत. त्यावरून मी असं वाचतो की अशा छपराखाली किशोर नकोच. बंदी फक्त त्या प्रक्रियेवर आहे, शेजारच्या टेबलावर मार्किंग करायला नाही, असंही काही वकील मांडतात. पण तुमचा गाळा किती मोठा? सहा माणसांच्या गाळ्यात ठिणगी आणि धूळ मार्किंगच्या टेबलापर्यंत येतेच. निरीक्षक आला त्या क्षणी मुलगा कुठे उभा होता, यावर तुमचा सगळा बचाव टांगलेला राहील. शिवाय प्रायमरमधला थिनर ज्वलनशील असतो, ते काम तर त्याला देऊच नका.

वागळे इस्टेट, टर्नर
मग पोरगा चार वर्षं काय करणार? तुमचे सगळे नियम बरोबर असतील, पण त्याचे वडील त्याला उद्या दुसऱ्या गाळ्यात ठेवतील. तिथे कोणी आधारसुद्धा बघणार नाही, आणि पहिल्याच दिवशी हातात ग्राइंडर देतील. रबाळेकर निदान विचारतायत तरी.

कळवा, शाळेतली शिक्षिका
दादा, ही भीती खरी आहे, माझ्याकडे तिला पूर्ण उत्तर नाही. पण या मुलाला वाट आहे. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पात्रता आठवी पास आणि किमान वय चौदा आहे. या वर्षी वय कमी पडलं तर नववीत बसवा आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची आयटीआयमध्ये चौकशी करा. दाखला अजून ताजा आहे, शाळा नाही म्हणणार नाही. वडिलांना अडचण पैशाची आहे की शाळेचीच, ते आधी विचारा.

रबाळे, ग्रिल-गेटवाले
विचारतो. उद्या त्यांना दाखला आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला घेऊन बोलावलं आहे. ठेकेदाराकडून येणाऱ्या दोन हेल्परांचे कागद मी आजवर बघितलेच नव्हते. ते ठेकेदाराने बघायचे की मी?

कामगार कायदा सल्लागार, नौपाडा
तुम्ही. कायद्यात 'कामावर ठेवणं' आणि 'काम करू देणं' दोन्ही लिहिलं आहे, आणि गाळा तुमचा आहे. ठेकेदाराकडच्या झेरॉक्सवर राहू नका, मूळ कागद मागा.