प्रतिसाद: ११५ महिन्यांत दुप्पट कसे?

> किसान विकास पत्रात ७.५ टक्क्यांनी ११५ महिन्यांत पैसे दुप्पट? १०० भागिले ७.५ म्हणजे सव्वातेरा वर्षं तरी हवीत ना?

तुमचा भागाकार सरळव्याजाचा आहे. इथे दरवर्षीचं व्याज मुद्दलात मिळवलं जातं. १०,००० रुपये धरा. पहिल्या वर्षी व्याज ७५०. दुसऱ्या वर्षी ते १०,७५० वर मिळतं, म्हणजे ८०६. तिसऱ्या वर्षी ८६७. असं करत नवव्या वर्षाअखेर रक्कम होते साधारण १९,१७२. दुपटीला ८२८ कमी. दहाव्या वर्षाचं व्याज १,४३८, म्हणजे महिन्याला सुमारे १२०, तेव्हा आणखी सात महिने पुरतात. नऊ वर्षं सात महिने म्हणजेच ११५ महिने.

एवढं मांडायचा कंटाळा असेल तर ७२ ला दराने भागा: ७२ ÷ ७.५ = ९.६ वर्षं. पोस्टाच्या आकड्याला जवळजवळ चिकटूनच.

गणिताने पाहिलं तर अगदी बारीक दराला ६९.३ हा आकडा बरोबर ठरतो, कारण २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६९३ आहे. दर वाढला की तो आकडाही थोडा वाढवावा लागतो. ८ टक्क्यांच्या आसपास ७२ चपखल बसतो, शिवाय त्याला २, ३, ४, ६, ८, ९, १२ ने पूर्ण भाग जातो. मात्र सावकारी दराला तो लावू नका. २४ टक्क्यांना उत्तर येतं तीन वर्षं, पण तेव्हा १०,००० चे १९,०६६ च झालेले असतात.

आणि हो, या व्याजावर आयकर लागतो. हातात खरोखर दुप्पट कधी पडतील हे बघायचं तर करानंतरच्या दराने भागा.